२०० पिल्लांचा ब्रूडर: बल्ब, थर्मोस्टॅट आणि चिक गार्डची जोडणी

ब्रूडर म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांना ऊब देणारी जागा. माझी पहिली बॅच डिसेंबरात आली. निफाडची थंडी पेपरात वाचून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्यामुळे मी हुशारी करून सगळेच्या सगळे बल्ब थर्मोस्टॅटवर टाकले होते. पहाटे तीनला शेडमध्ये गेलो तर आत काळोख. ठरवलेलं तापमान झालं म्हणून थर्मोस्टॅटने बल्ब बंद केले होते. म्हणजे त्याचं काम त्याने चोख केलं होतं. अंधारात बिचकलेली पिल्लं मात्र आडोशाच्या एका कोपऱ्यात एकावर एक चढली होती. बॅटरीच्या उजेडात तो ढीग हाताने उपसला. खालची २७ पिल्लं गुदमरून मेली होती.

बिघाड कशातच नव्हता. चुकली होती ती माझी मांडणी: एक तर सगळे बल्ब एकाच लाइनीवर, आणि वर गोणपाटाचा आडोसा चौकोनी. त्यानंतर मी बल्ब दोन गटांत विभागून जोडतो, एक गट कायम चालू आणि दुसरा थर्मोस्टॅटवर. खाली जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. उदाहरण २०० गावरान किंवा सुधारित जातीच्या पिल्लांचं घेतलं आहे. शेड बारा बाय वीस फुटांचं, हंगाम हिवाळ्याचा.

१. आधी वॅटचा हिशेब

साधा ठोकताळा पिल्लामागे दोन वॅटचा. २०० पिल्लांना ४०० वॅट. मी त्यात थोडी भर घालून ६० वॅटचे आठ बल्ब लावतो, म्हणजे ४८० वॅट. भर घालायचं कारण व्होल्टेज. संध्याकाळी गावात सगळ्यांचा लोड आला की आमच्याकडे २३० चं १८० होतं, आणि १८० व्होल्टवर पिवळा बल्ब त्याच्या वॅटच्या जेमतेम दोन तृतीयांश ताकदीने चालतो. तुमचे ४०० वॅट तेव्हा पावणेतीनशेच्या आत येतात, तेही नेमकं थंडी वाढायच्या वेळी.

बल्ब तारेचा, जुना पिवळाच हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. दुकानदार २०० वॅटचे दोन बल्ब घ्या म्हणेल, घेऊ नका. दोनातला एक उडाला तर अर्धी ऊब गेली, आठातला एक उडाला तर सकाळपर्यंत कळलं नाही तरी चालतं. अडीचशे वॅटचा लाल इन्फ्रारेड बल्बही मी टाळतो. तो खाली आला तर तूस पेटायला वेळ लागत नाही, आणि एकाच जागी फार तापवतो.

२. सामान

- ६० वॅटचे पिवळे बल्ब ८, वर दोन जादा
- चिनी मातीचे होल्डर ८. प्लॅस्टिकचे किंवा बॅकेलाइटचे नकोत, उष्णतेने ठिसूळ होऊन बल्बसकट गळून पडतात
- चार फूट व्यासाची पत्र्याची छत्री, म्हणजे हॉवर. पत्र्याचं काम करणारा करून देतो
- अर्धा इंची वेल्डमेश जाळी, छत्रीच्या तोंडाला पुरेल इतकी
- दीड एमएमची तीन कोअर वायर, अंतर मोजून. दोन लाइनी टाकायच्या आहेत हे लक्षात ठेवून
- करंट गळला की लाइन तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, जादा करंट आला की लाइन तोडणारी ६ अँपिअरची एमसीबी, दोन स्विच, थ्री पिन सॉकेट आणि प्लग
- २३० व्होल्टचा डिजिटल थर्मोस्टॅट, सेन्सरसहित
- साखळी, पीव्हीसी पाइप, झाकणाचा प्लॅस्टिक बॉक्स
- चिक गार्डसाठी, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कुंपणासाठी, दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक शीट, २७ फूट
- काचेचा साधा थर्मामीटर. हा विसरू नका, पुढे सांगतो का ते

मेन बोर्डापासून आरसीसीबीपर्यंतची जोडणी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बऱ्याच शेडमध्ये अर्थिंग नावालाही नसतं, थ्री पिनचं तिसरं भोक नुसतंच शोभेचं असतं. इथे पत्र्याची छत्री, ओलसर तूस आणि पाण्याची भांडी एकत्र आहेत. अर्थिंग नसेल तर आधी ते करा, पिल्लांची ऑर्डर नंतर द्या. आणखी एक: ब्रूडर शेतीपंपाच्या लाइनीवर टाकू नका. ती पाळीने येते, ब्रूडरला चोवीस तास लागते.

३. चिक गार्ड गोलच

शेडची एक बाजू निवडा, शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध. जमिनीवर दोन ते तीन इंच भाताचं तूस पसरा. आमच्याकडे घोटीच्या बाजूने राइस मिलचं तूस येतं; घ्याल तिथून घ्या, पण मुठीत दाबल्यावर गोळा होता कामा नये. त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र अंथरायचं, म्हणजे पिल्लं दाणे समजून तूस खात नाहीत.

आता मधोमध खुंटी ठोका, चार फूट सुतळी बांधा आणि वर्तुळ आखा. आठ फूट व्यासाच्या या वर्तुळाचा घेर पंचवीस फुटांच्या आसपास येतो. दोन फूट एकमेकांवर चढवायला धरून २७ फूट पत्रा म्हटलं ते त्यासाठी. एकावर एक आलेली टोकं चिमट्यांनी धरा, खिळे मारू नका, कारण चार दिवसांनी हे वर्तुळ मोठं करायचं आहे. पत्र्याची खालची धार तुसात दाबून घ्या, नाहीतर तळातून वारं शिरतं आणि ते थेट पिल्लांच्या अंगावर जातं.

गोल कशासाठी, हे मी वर २७ पिल्लं मोजून सांगितलं आहे. पिल्लू घाबरलं की कडेकडेने पळतं. गोलात ते फिरत राहतं, चौकोनात कोपऱ्यात अडकतं आणि मागची सगळी त्याच्यावर येतात. शेडच्या भिंतीचा कोपरा वापरून पत्रा वाचवायचा मोह होतो. तो कोपरासुद्धा कोपराच.

४. छत्रीत बल्ब आणि बल्बखाली जाळी

होल्डर छत्रीत आतल्या बाजूने गोलाकार बसवा, कडेपासून साधारण नऊ इंच आत, आठ सारख्या अंतरावर. त्यांना एक आड एक खुणा करा: अ, ब, अ, ब. 'अ' चे चार बल्ब कायम चालू, 'ब' चे चार थर्मोस्टॅटवर. एक आड एक कशासाठी, तर 'ब' बंद झाला तरी ऊब आणि उजेड गोलभर सारखा राहावा. एका बाजूचे चार अ आणि दुसऱ्या बाजूचे चार ब केले की पिल्लं अर्ध्या छत्रीत गोळा होतात.

होल्डर पत्र्याला स्क्रूने घट्ट बसलेला हवा. वायरवर लोंबणारा बल्ब आज ना उद्या खाली येतो. वायर छत्रीच्या वरून, बाहेरून फिरवा आणि प्रत्येक होल्डरपाशी भोक पाडून आत घ्या. भोकाला रबरी बुच लावल्याशिवाय वायर आत घालू नका, पत्र्याची धार वायरचं आवरण कापते. बल्बची उष्णता वर चढते आणि पहिली होल्डरपाशी साठते, म्हणून माथ्याला बोटभर रुंद चार भोकं ठेवा.

बल्बच्या खाली चार इंचांवर वेल्डमेशची जाळी तारेने बांधा. बल्ब फुटला किंवा सुटला तर काच आणि तापलेली तार जाळीवर अडते, तुसापर्यंत जात नाही. मोठं झालेलं पिल्लू उडी मारून बल्बला चिकटत नाही, हा दुसरा फायदा. पाणी भरताना तापल्या बल्बवर एक शिंतोडा उडाला तरी काच तडकते, तेव्हा पाण्याची भांडी छत्रीच्या बाहेर, कडेला ठेवा.

छत्री कैचीच्या अँगलला साखळीने टांगा, एक नव्हे दोन वेगवेगळ्या साखळ्यांनी. नायलॉन दोरी वापरू नका. जाळीची खालची बाजू तुसापासून पंधरा इंचांवर असावी. बांबूच्या डालग्यात बल्ब सोडून वर पोतं टाकायची जुनी पद्धत आमच्या वाडीत अजून आहे. मी असं एक डालगं पाहिलं आहे, आतून कोळशासारखं काळं झालेलं.

५. बोर्ड आणि वायरिंग

काम करताना मेन बंद, आणि बंद आहे हे टेस्ट लॅम्पने तपासून मगच हात लावायचा. टेस्टरवर एकट्यावर भरवसा ठेवू नका.

मेनकडून आलेली लाइन आधी आरसीसीबीत, तिथून एमसीबीत, आणि तिथून दोन वाटांनी निघते.

'अ' लाइन: फेज स्विचमधून सॉकेटला. छत्रीकडून आलेल्या 'अ' च्या तीन कोअर वायरला प्लग लावा आणि तो या सॉकेटात घाला. सरळ जोडायचं सोडून प्लग कशाला, असं वाटेल. लाइट गेल्यावर हाच प्लग काढून इन्व्हर्टरच्या सॉकेटात घालायचा आहे.

'ब' लाइन: फेज दुसऱ्या स्विचमधून थर्मोस्टॅटला. बाजारात एसटीसी-१००० हा नमुना सर्रास मिळतो, त्याचीच जोडणी सांगतो. मागे आठ स्क्रू आहेत. १ आणि २ वर फेज-न्यूट्रल, हा थर्मोस्टॅटला स्वतःला चालायला. ३ आणि ४ वर सेन्सर. ५ आणि ६ म्हणजे गरम करण्याचा संपर्क, ७ आणि ८ थंड करण्याचा. ते दोन मोकळे सोडा. नवीन माणूस हमखास अडकतो तो ५-६ वर. तिथून आपोआप वीज निघत नाही, तो आतला नुसता स्विच आहे. म्हणून १ वरच्या फेजचा एक तुकडा ५ वर आणायचा, आणि ६ वरून फेज 'ब' च्या बल्बांकडे न्यायचा. हा तुकडा राहिला तर गरमचा दिवा लागतो, आतून टिक असा आवाजही येतो, आणि बल्ब मात्र पेटत नाहीत. मी अर्धा दिवस बल्ब बदलत बसलो होतो. तुमच्याकडचा नमुना दुसरा असेल तर त्याच्या अंगावर छापलेला नकाशा पाहा.

दोन्ही लाइनींचे न्यूट्रल छत्रीत एकत्र करू नका. वायर वाचते खरी, पण 'अ' चा प्लग इन्व्हर्टरला गेल्यावर दोन वेगळ्या ठिकाणचे न्यूट्रल एकमेकांना भिडतात, आणि आरसीसीबी विनाकारण पडायला लागते ती वेगळीच. हिरवी वायर मात्र दोन्हींची छत्रीच्या पत्र्याला बोल्टने कसायची. रंग खरवडून, चकती घालून.

बल्ब अर्धेच थर्मोस्टॅटवर ठेवण्याला आणखी एक कारण आहे. थंड बल्ब पेटताना क्षणभर नेहमीच्या दहापटीच्या आसपास करंट ओढतो. चार बल्बांचा नेहमीचा करंट एक अँपिअर, म्हणजे पेटताना दहा-बारा. आतला रिले दहा अँपिअरचा असतो. आठही बल्ब त्यावर टाकले तर दर वेळी वीसच्या वर झटका बसतो, आणि महिनाभरात कधीतरी रिलेचे संपर्क चिकटून बसतात. मग तापमान कितीही चढो, बल्ब बंदच होत नाहीत.

थर्मोस्टॅट बॉक्समध्ये घालून चिक गार्डच्या बाहेर, छातीच्या उंचीवर लावा. वायर जिथे जमिनीजवळून जाते तिथे पीव्हीसी पाइपातून न्या, कारण शेडमध्ये कोंबड्या येण्याआधी उंदीर येतात.

६. थर्मोस्टॅटचं सेटिंग

`S` बटण तीन सेकंद दाबून धरलं की `F1` दिसतो. वर-खालीच्या बटणांनी `F1` पासून `F4` पर्यंत जाता येतं. आकडा बदलायचा तर `S` दाबून धरून वर-खाली करायचं, आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून जपायचं. शेवटचं दाबलं नाही तर जुनाच आकडा राहतो.

`F1` म्हणजे हवं ते तापमान. पहिल्या आठवड्याला ३५. `F2` म्हणजे फरक, तो १ ठेवा: ३५ ला बल्ब बंद, ३४ ला चालू. कारखान्यातून तो ०.५ असतो, त्याने बल्ब सारखे लागत-विझत राहतात आणि त्यांचं आयुष्य कमी होतं. `F4` सेन्सरची चूक सुधारायला आहे. काचेचा थर्मामीटर आणि सेन्सर एकत्र सुतळीने बांधून अर्धा तास ठेवा. सेन्सर दोन अंश जास्त दाखवत असेल तर `F4` उणे २ करा.

पडद्यावर `EE` आलं आणि पी-पी वाजायला लागलं तर सेन्सरची वायर तुटली किंवा चिकटली. अशा वेळी 'ब' बंद पडतो, 'अ' चालू राहतो. तुम्हाला धावत यायला वेळ मिळतो.

७. सेन्सर कुठे लावायचा

छत्रीच्या कडेच्या बरोबर खाली, तुसापासून दोन इंचांवर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. बल्बच्या थेट खाली लावला तर तो स्वतःच तापतो, थर्मोस्टॅटला वाटतं झालं काम, आणि कडेची पिल्लं कुडकुडतात.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. पिल्लं सेन्सरवर चढतात, ओढतात, मग तो ओल्या तुसात रुततो किंवा गार्डच्या बाहेर जाऊन पडतो. तिथे त्याला थंडच लागतं, म्हणून 'ब' चे बल्ब रात्रभर विझत नाहीत. यासाठी वीतभर पाइपाला चौफेर भोकं पाडून तो जमिनीत उभा रोवा आणि सेन्सर त्याच्या आत दोन इंचांवर अडकवा. पिल्लांना पाइपावर बसता येऊ नये म्हणून वरचं तोंड तिरकं कापा.

८. पिल्लांविना चोवीस तास

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी सगळं चालू करून ठेवा. पडदे सोडा, पण वर फूटभर फट ठेवा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती पडलीच पाहिजे. दर दोन-तीन तासांनी काचेच्या थर्मामीटरचा आकडा लिहा, पहाटे चारचा नक्की. वायर आणि होल्डरजवळचा पत्रा हाताने चाचपायचा तो मेन बंद करून. वायर गरम लागली तर तिथला स्क्रू ढिला आहे.

माझ्याकडे गेल्या हिवाळ्यात पहाटे छत्रीखाली ३१ च्या वर जाईना. आठही बल्ब चालू असून. थर्मोस्टॅट यात काही करू शकत नाही, ऊबच कमी पडत होती. छत्रीच्या कडेला वीतभर रुंद पोत्याची झालर लावली, जाळीपासून आणि बल्बांपासून लांब, बाहेरच्या अंगाने, आणि तुसापासून चार इंच वर. दीड तासात ३४ झालं. बल्ब शेड तापवत नाहीत, छत्रीखालची जागा तापवतात, हे त्या रात्री नीट समजलं.

तूसही तळव्याला कोमट लागलं पाहिजे. वर हवा गरम आणि खाली तूस गार असेल तर पिल्लांचे पाय गारठतात आणि ती खायला हलत नाहीत.

९. पिल्लं आल्यावर

आकडा पाहून झाला की खाली वाका आणि पिल्लं पाहा. बल्बखाली दाटी करून जोरात चिवचिवत असतील तर थंडी. गार्डला चिकटून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसरीकडून वारं येतंय, तिथली फट शोधा. गोलभर विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय पसरून पडलीत, तर ठीक आहे. आकडा आणि पिल्लं यांचं जमत नसेल तर पिल्लांचं खरं धरा आणि `F1` एक-दोन अंशांनी हलवा.

दुसऱ्या आठवड्याला `F1` ३२, तिसऱ्याला २९, चौथ्याला २६. चौथ्या दिवसापासून गार्डचे चिमटे सोडून नवा तुकडा जोडा आणि वर्तुळ फूट-फूट वाढवा, दहाव्या दिवसापर्यंत गार्ड काढून टाका. दुपारी ऊन चांगलं असेल तर 'अ' हाताने बंद करायला हरकत नाही, तेव्हा उजेड असतोच. फक्त सूर्य मावळायच्या आत परत चालू करा. मी मोबाइलवर साडेपाचचा गजर लावतो.

विजेचं म्हणाल तर 'अ' चे दिवसाला पावणेसहा युनिट होतात. 'ब' निम्मा वेळ चालला तर तीनेक. नऊ युनिटांच्या आसपास हिशेब धरा.

१०. लाइट गेली तर

'अ' चा प्लग इन्व्हर्टरला लावा. २४० वॅटला दीडशे एएचची चांगली बॅटरी चार तास नेते, जुनी असेल तर दोन धरा. आठही बल्ब टाकले तर निम्म्यात आटोपतं. छत्री चार इंच खाली घ्या. इन्व्हर्टर नसेल तर दोन लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, पोत्यात गुंडाळून छत्रीखाली आडव्या ठेवा आणि तासाभराने बदला.

कोळशाची शेगडी पडदे बंद करून आत ठेवू नका. तिच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. पिल्लं मरतातच, रात्री राखण करायला आत झोपलेला माणूसही मरतो.

लाइट परत आली की 'अ' चा प्लग आठवणीने मेनच्या सॉकेटात घाला. आमच्याकडे तो एकदा इन्व्हर्टरलाच राहिला, पुढची लाइट गेली तेव्हा बॅटरी रिकामी होती.

बॅच संपली की बल्ब काढून पुसून ठेवा, धुळीने ऊब कमी होते. सेन्सरची वायर गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. माझ्या पहिल्या सेन्सरची वायर उंदरांनी त्याच डब्याशेजारी, खुंटीला टांगलेली असताना खाल्ली.